गळती कुठून येते? निवृत्त अभियंत्याने निदानाचं काम का घ्यावं

खालच्या घराच्या छताला ओल येते, पोपडे सुटतात, थेंब पडायला लागतात. खालचे वर जाऊन सांगतात, वरचे म्हणतात आमच्याकडून नाही. सोसायटीच्या कमिटीपुढे अर्ज जातो. कमिटी प्लंबरला बोलावते, मग वॉटरप्रूफिंगवाल्याला. दोघंही पाच-दहा मिनिटं बघतात आणि वरचं बाथरूम फोडायला सांगतात. वरच्याने चार वर्षांपूर्वीच बाथरूम नवीन केलेलं असतं, तो नकार देतो. पुढची दोन वर्षं दोन कुटुंबं एकमेकांशी बोलत नाहीत आणि छत गळतच राहतं.

या सगळ्यात जी माणसं तपासायला आली ती दुरुस्तीचं काम मिळवायला आली होती. पाणी नेमकं कुठून येतं एवढंच शोधायचं, ते कागदावर लिहून द्यायचं आणि त्याचेच पैसे घ्यायचे, असा माणूस आपल्या शहरांत सहज मिळत नाही. निवृत्त स्थापत्य अभियंत्याला ही जागा चांगली भरून काढता येते. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर हेच काम करतो. सल्ल्याची आणि तपासणीची कामं आणखीही आहेत, पण या एका कामाबद्दल मला खात्रीने सांगता येतं.

धरणावर काम केलेल्यांना गॅलरी माहीत असते. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणाच्या पोटात बोगद्यासारखा रस्ता असतो. धरणातून झिरपलेलं पाणी तिथल्या गटारात येतं आणि व्ही नॉचवर मोजलं जातं. त्या आकड्याशेजारी त्या दिवशीची जलाशयाची पातळी लिहितात. पाणी झिरपतं यात नवल नसतं. पातळी वाढल्यावर ते किती वाढतं, पातळी स्थिर असताना का वाढलं, गढूळ आहे का, हे बघायचं असतं. घरातली गळती वाचायची रीत हीच आहे. छताचा डाग एकदा बघून काही कळत नाही. डाग कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर कमी होतो, हे कळलं की अर्धं काम झालं.

म्हणून पहिल्या भेटीत मी हातोडी काढत नाही, प्रश्न विचारतो. थेंब दिवसरात्र सारखे पडतात, की सकाळी आंघोळीच्या वेळी वाढतात? वरचे लोक गावाला गेले होते तेव्हा काय झालं? एप्रिल-मे महिन्यांत डाग वाळतो का? सतत, एकाच गतीने पडणारं पाणी बहुतेक वेळा दाबाखालच्या नळाच्या लाइनचं असतं, कारण त्या लाइनमध्ये पाणी चोवीस तास भरलेलं असतं. वापराबरोबर वाढणारं पाणी सांडपाण्याच्या बाजूचं, म्हणजे फरशी, नहाणी ट्रॅप, कमोडचा सांधा यांतलं असतं. पावसाबरोबर येणारं पाणी बाहेरच्या भिंतीचं किंवा गच्चीचं असतं. हा पहिला अंदाज झाला. तो सांगायचा नाही, फक्त वहीत लिहायचा.

पुढचं एका उदाहरणावरून सांगतो. डोंबिवलीतली बावीस वर्षं जुनी, पाच मजली इमारत. २०२ च्या बाथरूमच्या छताला ओल होती आणि आरोप वरच्या ३०२ वर होता. वॉटरप्रूफिंगवाल्याने ३०२ चं बाथरूम फोडून नवीन करण्याचे ८५ हजार रुपये सांगितले होते. सेक्रेटरी फोनवर म्हणाले, "साहेब, तुम्ही फक्त या आणि फोडायला सांगा, ते तुमचं ऐकतील." मी त्यांना सांगितलं की फोडायचं की नाही हे मी शेवटी सांगेन. त्याआधी कमिटीचा ठराव आणि दोन्ही घरांची तपासणीला लेखी संमती हवी. त्यांनी दोन्ही आणून दिलं.

२०२ च्या छतावर पेन्सिलीने फूट-फूट अंतराच्या चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत ओलावामापक टेकवून आकडे लिहिले. हे दोन टोच्यांचं छोटं यंत्र काही हजारांत मिळतं, पण त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नसतो. बहुतेक यंत्रं लाकडासाठी जुळवलेली असतात आणि प्लास्टरमध्ये क्षार असले तर वाळलेल्या जागीही आकडा जास्त येतो. त्यामुळे एका आकड्याला अर्थ नाही, एका जागेची दुसऱ्या जागेशी आणि आजची परवाशी तुलना करण्यात अर्थ आहे. इथे सगळ्यात जास्त ओल वरच्या नहाणी ट्रॅपखाली नव्हती. ती डक्टकडच्या भिंतीलगत होती आणि तिथून आत कमी होत गेली होती. पाण्याचा उगम आणि थेंब पडण्याची जागा एकच असते असं नाही, स्लॅबमधून पाणी वाट मिळेल तसं सरकतं, तरीही संशयाची दिशा बदलायला एवढं पुरेसं होतं.

मग ३०२ चा पाण्याचा मुख्य कॉक दोन दिवस बंद ठेवला. कुटुंब नातेवाइकांकडे जाणार होतं, त्यामुळे ते जमलं. २०२ मधले थेंब थांबले नाहीत. इथे घाई करणारा माणूस लिहून टाकेल की ३०२ चा दोष नाही. ते चूक ठरेल. आपल्याकडे बाथरूमखाली सनकन स्लॅब असतो, म्हणजे खोलीच्या मानाने खाली घेतलेला स्लॅब. त्या खोलगट भागात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि कोबा भरतात, मग फरशी बसवतात. कुठूनही पाणी आत शिरलं की तो भरावा ते धरून ठेवतो आणि नळ बंद केल्यावरही ते कित्येक दिवस सावकाश खाली येत राहतं. एक-दोन दिवस पाणी बंद ठेवून केलेल्या चाचणीने कितीतरी घरांवर चुकीचा ठपका बसला आहे आणि कितीतरी घरं चुकीने सुटली आहेत. म्हणून वहीत एवढंच लिहिलं: ४८ तासांत फरक नाही, निष्कर्ष नाही.

तिसरी चाचणी पाणी साठवण्याची. ३०२ च्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप रबरी बूच लावून बंद केला, फरशीवर सुमारे २५ मिलिमीटर पाणी भरलं आणि त्यात फ्लुरोसिन नावाचा हिरवट रंग मिसळला. हा रंग अगदी थोडा पुरतो आणि अतिनील टॉर्चखाली चमकतो. पोटॅशियम परमँगनेट वापरू नये, फरशीच्या सांध्यांवर डाग राहतात आणि दुसरं भांडण सुरू होतं. पाण्याची पातळी भिंतीवर खूण करून ठेवली. दोन दिवसांनी ती दोन-तीन मिलिमीटर उतरली होती. बंद बाथरूममध्ये तेवढं पाणी हवेतच जातं. खाली रंग दिसला नाही. कमोडमध्ये रंग टाकून वारंवार फ्लश केलं, तरीही नाही.

इथेही एक अडचण आहे. काँक्रीट आणि प्लास्टर रंग शोषून घेतात, त्यामुळे खाली रंग दिसला तर तो पुरावा असतो, पण न दिसणं हा तितका पक्का पुरावा नसतो. पातळी उतरली नाही आणि रंगही आला नाही, या दोन गोष्टी मिळून ३०२ च्या फरशीवरचा संशय बराच कमी झाला. पण नुसता इतरांना वगळत जाऊन काढलेला निष्कर्ष भांडणात टिकत नाही. पाणी ज्या वाटेने येतं ती वाट डोळ्यांनी दाखवता आली पाहिजे.

ओल डक्टकडे जास्त होती म्हणून डक्टमध्ये बघायचं ठरवलं. साठीनंतर डक्टमध्ये उतरू नये, शिडीवरही चढू नये. दोरावर काम करणारा प्लंबर अर्ध्या दिवसासाठी घेतला आणि त्याच्या हातात मोबाइलचा कॅमेरा दिला. सांडपाण्याचा बिडाचा उभा पाइप वरपासून खालपर्यंत जात होता. ३०२ चा फाटा ज्या ठिकाणी त्याला मिळतो, त्याच्या वीतभर वर एक सांधा होता. सांध्याखाली भिंतीवर शेवाळ होतं आणि फटीत पिंपळाचं रोप धरलं होतं. आता रंग ४०२ च्या कमोडमध्ये टाकला. काही मिनिटांत हिरवं पाणी सांध्यातून बाहेर आलं, पाइपच्या अंगावरून खाली उतरलं, ३०२ च्या फाट्यावर आलं आणि फाट्याच्या कडेने भिंतीतल्या भोकात शिरलं. पाइप आत नेण्यासाठी पाडलेलं ते भोक सिमेंटने नीट बुजवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अतिनील टॉर्च मारल्यावर २०२ च्या छतावर डक्टलगत हिरवी चमक दिसली. दोन्ही कुटुंबं आणि सेक्रेटरी तिथे उभे होते, सगळ्यांनी ती पाहिली.

३०२ ने पाणी वापरलं काय, नाही वापरलं काय, वरच्या दोन मजल्यांचं सांडपाणी त्या सांध्यातून जातच होतं. आता खर्चाचा प्रश्न. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये याची वाटणी आहे. घरातल्या संडास, सिंक वगैरेंची अंतर्गत गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची, तर पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइन व ड्रेनेज लाइनमुळे होणारी गळती संस्थेने. इथे पाइप सामाईक होता, म्हणून खर्च सोसायटीचा झाला. दोर लावून पाइपचा तुकडा बदलणं आणि भोक न आकसणाऱ्या ग्राउटने बुजवणं, सगळं मिळून १८ हजार रुपयांत झालं. छताला लगेच रंग लावू दिला नाही. सनकनमधलं साठलेलं पाणी उतरायला वेळ लागतो. आकडे बाजूच्या कोरड्या छताइतके खाली यायला सुमारे सहा आठवडे लागले, मग प्लास्टर केलं.

अशा कामाचे मी ७,५०० रुपये घेतो. रंग आणि प्लंबरची मजुरी वेगळी. ही रक्कम एका भेटीची नाही. आठ-दहा दिवसांत तीन-चार फेऱ्या, मध्ये वाट बघणं आणि शेवटी अहवाल. फोनवर "फक्त येऊन बघा" असं म्हणणाऱ्याला हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर सगळा वेळ फुकटच्या भेटींत जातो. फी सोसायटीकडून आणि आगाऊ घ्यावी. ज्याचा दोष निघेल त्याच्याकडून ती वसूल करायची का, ते सोसायटीने नंतर ठरवावं. एका घराकडून फी घेतली की दुसरं घर अहवाल वाचतच नाही. स्वतः राहतो त्या सोसायटीतलं काम तर कधीच घेऊ नये.

यातून महिन्याला किती मिळतं, असं मित्र विचारतात. नीट करायची तर महिन्याला तीन-चार प्रकरणांपेक्षा जास्त होत नाहीत. पेन्शनला जोड मिळते, दुसरा पगार सुरू होत नाही. फोन सगळ्यात जास्त जून ते सप्टेंबरमध्ये येतात, पण सांडपाण्याच्या चाचण्या कोरड्या दिवसांत जास्त स्पष्ट होतात, कारण पावसाचं पाणी मध्ये येत नाही. म्हणून पावसाळ्यात आलेल्या काही लोकांना मी डिसेंबरची तारीख देतो. काहींना ते आवडत नाही.

खरा मोह दुसरीकडे आहे. तुमचा शब्द चालतो हे कळलं की वॉटरप्रूफिंगवाले घरी येतात आणि टक्केवारी देऊ करतात. एकदा ती घेतली की या कामाचा पायाच जातो. बाथरूम फोडा असं ज्याला सांगता येतं आणि फोडू नका असंही ज्याला सांगता येतं, त्याच्याच अहवालाला किंमत असते. मी ठेकेदाराचं नावही सुचवत नाही. काय करायचं, कोणत्या मालाने करायचं आणि झाल्यावर कसं तपासायचं एवढं लिहून देतो. दर सोसायटीने मागवावेत.

अहवाल तीन-चार पानांचा पुरतो. तपासणीच्या तारखा, कोण हजर होतं, त्या दिवशी पाऊस होता का, कोणती चाचणी किती तास केली, आकडे, फोटो. निष्कर्षापुढे तो किती पक्का आहे हे स्पष्ट लिहावं: सिद्ध झालं, बहुधा असं आहे, किंवा ठरवता आलं नाही. तिसरा शेराही लिहावा लागतो आणि त्याचीही पूर्ण फी असते. काय तपासलं नाही तेही लिहायचं. प्रकरण सहकार न्यायालयात किंवा ग्राहक आयोगापुढे गेलं तर हाच कागद तिथे पोहोचतो आणि साक्षीला बोलावणं येऊ शकतं, हे मनात ठेवून प्रत्येक वाक्य लिहावं.

एक हद्द मात्र ओलांडायची नाही. डोंबिवलीच्या त्या छताला एका जागी प्लास्टर सुटून गंजाची रेघ दिसत होती. सळी गंजली की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्या दाबाने काँक्रीट सळीच्या रेषेत चिरतं आणि खपल्या पडतात. सळीच्या रेषेत जाणारी भेग, उघडी सळी, खाली वाकलेला स्लॅब, यांतलं काही दिसलं की गळतीचं काम बाजूला ठेवून तेवढंच लेखी कळवायचं आणि महानगरपालिकेकडे नोंदलेल्या संरचना अभियंत्याला बोलवा असं सांगायचं. वाकलेला स्लॅब असेल तर त्याच दिवशी टेकू लावायला सांगायचे. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. त्या सोसायटीने एकदाही केलं नव्हतं. ते ऑडिट नोंदणी नसलेल्या अभियंत्याने करू नये, मग त्याने नोकरीत कितीही मोठे पूल बांधलेले असोत. माझ्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असतं की हा गळतीचा तपास आहे, स्ट्रक्चरल ऑडिट नव्हे.

ऑडिट झाल्यावर मोठी दुरुस्ती निघते, तिथे मात्र जुन्या अनुभवाला पुन्हा काम आहे. सोसायटीच्या बाजूने मोजमापं तपासणं. दुरुस्तीचं बिल चौरस फुटांवर निघतं आणि प्लास्टर काढून नवीन केल्यावर जुनं किती खराब होतं ते कुणालाच सिद्ध करता येत नाही. म्हणून छिलाईच्या आधी टकटक करून जिथे बद्द आवाज येतो तेवढाच भाग रंगाने आखायचा, ठेकेदाराच्या माणसाबरोबर मापं घ्यायची आणि मोजमाप वहीत दोघांनी सही करायची. पॉलिमरचे डबे आणि सिमेंटच्या गोण्या रिकाम्या झाल्यावर मोजून ठेवायच्या. खात्यात मोजमाप पुस्तिका लिहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. हे काम मासिक मानधनावर घेता येतं आणि ते गळतीच्या तपासापेक्षा जास्त दिवस चालतं.

सुरुवात करण्याआधी दोन-तीन कागदी गोष्टी बघाव्यात. सरकारी नोकरीतून वरिष्ठ पदावरून निवृत्त झाला असाल तर व्यावसायिक कामाला परवानगी लागते का ते आधी खात्याकडे विचारावं. केंद्र सरकारच्या गट अ अधिकाऱ्यांना निवृत्तीनंतर एक वर्षापर्यंत ती लागते. आयकरात अभियांत्रिकी हा ठरवून दिलेल्या व्यवसायांपैकी एक आहे, त्यामुळे कमी उलाढालीच्या व्यावसायिकाला एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून सविस्तर हिशेबाशिवाय विवरणपत्र भरता येतं. सेवांच्या व्यवसायात महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही आणि या कामात ती तिथवर जाणं कठीणच आहे.

पहिलं काम तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गृहनिर्माण फेडरेशनकडून किंवा ओळखीच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडून येईल. ते काम लहान असू द्या, पण कमिटीचा ठराव आणि दोन्ही घरांच्या सह्या हातात आल्याशिवाय वरच्या घराची बेल वाजवू नका.